बैकुंठीचं मौन आणि कुट्टूच्या पुऱ्या

मथुरेच्या विश्राम घाटावर यात्रेकरूंकडून यमुनेची पूजा करवून घेणाऱ्या पंड्यांमध्ये दाऊदयाल चौब्यांइतकं उपवासावर प्रेम करणारा माणूस दुसरा नव्हता. एकादशी असो, पौर्णिमा असो, जन्माष्टमी असो, त्यांनी उपवास चुकवला असं कधी झालं नाही. आणि शारदीय नवरात्र म्हणजे तर त्यांचा सण. इतर लोक लग्नसराईची वाट बघतात तशी ते नवरात्राची वाट बघत. सकाळी शिंगाड्याचा हलवा, दुपारी कुट्टूच्या (पहाडात पिकणाऱ्या, उपवासाला चालणाऱ्या काळ्या दाण्याच्या) पुऱ्या आणि बटाट्याचा रस्सा, वर दही, संध्याकाळी रामदान्याचे लाडू (आपण ज्याला राजगिरा म्हणतो तोच), रात्री झोपण्यापूर्वी आटवलेलं दूध. नवरात्र संपलं की त्यांच्या बंडीच्या कडा उसवून कापड सोडावं लागे. घाटावर ते यात्रेकरूंना सांगत, "शरीराला कष्ट दिल्याशिवाय मन शुद्ध होत नाही." हे सांगताना त्यांचा हात आपोआप पोटावर जाई.

हा सगळा फराळ करायची त्यांची बायको, बैकुंठी. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून. तिचाही उपवास असायचाच, पण तिचा उपवास शेगडीपाशी उभ्याने चालायचा. शेवटी उरलेल्या दोन पुऱ्या, कढईला चिकटलेला हलवा, आणि लाडू वळताना हाताला लागलेला गूळ. मुलगी लग्न होऊन आग्र्याला गेली होती, त्यामुळे घरात दोघंच. पण फराळ दहा माणसांचा व्हायचा, कारण दर नवरात्रात सप्तमीला दाऊदयालांचे घाटावरचे मित्र त्यांच्याकडे जेवायला येत, आणि दाऊदयाल स्वतःच दोन-तीन माणसांच्या बरोबरीचे होते.

त्या वर्षी नवरात्राच्या आदल्या संध्याकाळी हेच मित्र अंगणात येऊन बसले होते. त्यात माखन चौबे होता. दाऊदयालांचा लहानपणापासूनचा सोबती, आखाड्यात एकमेकांची हाडं मोडलेली. माखन म्हणाला, "दाऊ, तुझ्या पुण्यातलं अर्धं भाभींच्या नावावर जमा होत असणार. राबतात त्या, खातोस तू."

दाऊदयालांनी पान तोंडात टाकलं आणि सावकाश चघळत म्हणाले, "माखन, स्वयंपाकात काय पुण्य आलंय? पीठ, पाणी, तूप. भिजवायचं आणि तळायचं. हे कुणीही करेल. खरी तपश्चर्या संयमाची. गहू समोर असताना गहू न खाणं, याला छाती लागते."

सगळे हसले. दाराआड बैकुंठी सरबताचे पेले भरत होती. ती बाहेर आली, पेले ठेवले आणि आत गेली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. दाऊदयालांना तीस वर्षांच्या संसारात एवढं समजायला हवं होतं की तिच्या चेहऱ्यावर काहीच नसणं ही चांगली खूण नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घटस्थापना. घरचे पुरोहित दाऊदयालच. त्यांनी कलश मांडला, मंत्र म्हटले, स्वतःचा संकल्प सोडला आणि मग बैकुंठीच्या तळहातावर पाणी आणि अक्षता ठेवून नेहमीच्या सवयीने विचारलं, "कुठल्या व्रताचा संकल्प?"

दरवर्षी ती म्हणायची, "तुमचा तोच माझा." या वर्षी ती म्हणाली, "नऊ दिवस मौन. फक्त फळं आणि दूध. आणि विस्तवाला हात लावणार नाही."

दाऊदयालांनी हातातली पळी खाली ठेवली. "विस्तवाला म्हणजे?"

"चुलीला, शेगडीला. म्हणा पुढचं. मुहूर्त जातोय."

शेजारची जावित्री पूजेला येऊन बसली होती. विधवा, वयाने दोघांहून मोठी. सारी गल्ली तिला जिज्जी म्हणायची. पूजा अर्धवट सोडणं शक्य नव्हतं, आणि ज्या पुरोहिताने आयुष्यभर शेकडो यात्रेकरूंचे नाही नाही ते संकल्प म्हणवून घेतले, त्याला स्वतःच्या बायकोचा संकल्प अमान्य करता येईना. दाऊदयालांनी आपल्याच तोंडाने, आपल्याच शुद्ध संस्कृतात, आपल्याच पोटावर बंदी घातली. बैकुंठीने ताम्हणात पाणी सोडलं, ओठ मिटले आणि झोपाळ्यावर जाऊन बसली.

"अगं पण मग फराळाचं?" दाऊदयालांनी विचारलं.

बैकुंठीने जपमाळ हातात घेतली.

जावित्री जिज्जी उठता उठता म्हणाली, "दाऊ, तूच कर की. काल संध्याकाळी माझ्या खिडकीतून ऐकलं मी. भिजवायचं आणि तळायचं, एवढंच तर आहे. बहूचं दूध तेवढं मी तापवून आणत जाईन."

दाऊदयालांनी पहिला दिवस उत्साहाने घेतला. नथ्थीमल वाण्याकडून कुट्टूचं पीठ आणलं, परातीत काढलं आणि गव्हाची कणीक भिजवताना बैकुंठीला पाहिलं होतं तसं मधोमध आळं करून तांब्याभर पाणी ओतलं. गव्हाची कणीक मळली की गोळा होते. ही होईना. आधी ती पातळ झाली. मग त्यांनी आणखी पीठ घातलं, तेव्हा ती चिकट झाली. डाव्या हाताला लागलेलं काढायला उजवा हात घातला, तर दोन्ही हात अडकले. करड्या चिखलात कोपरापर्यंत माखलेले दाऊदयाल परातीसमोर बसले होते आणि नाकावर एक माशी बसली होती. ती हाकलता येईना.

झोपाळ्यावर बैकुंठीने केळं सोलायला घेतलं. ती ते फार सावकाश सोलत होती.

कसाबसा एक गोळा पोळपाटावर ठेवून लाटणं फिरवलं तर अर्धी पुरी पोळपाटाला चिकटली आणि अर्धी लाटण्याबरोबर फिरू लागली. उलथन्याने खरवडून ती तेलात सोडली तेव्हा तिचे तुकडे झाले, तुकड्यांचा भुगा झाला आणि भुग्याने सगळं तेल काळं झालं. त्या दुपारी दाऊदयालांनी उकडलेला बटाटा आणि तेलातून गाळलेला तो भुगा खाल्ला. नाव विचारलं असतं तर ते त्याला कुट्टूचा चिवडा म्हणाले असते. विचारणारं कुणी नव्हतं.

द्वितीयेला त्यांनी मनाशी ठरवलं की पुरी हा प्रकार जरा बायकी आहे. हलवा पुरुषाने करावा. कढईत चमचाभर तूप सोडलं, कारण डबा जड होता आणि झाकण घट्ट होतं. वर शिंगाड्याचं पांढरंशुभ्र, रेशमासारखं मऊ पीठ वाडगाभर ओतलं. ते जरा गरम झाल्यासारखं वाटताच माठातलं थंडगार पाणी त्यात घातलं. शिंगाडा तळ्यात वाढलेला, त्याला पाण्याची तहान फार. त्याने तांब्याभर पाणी एका घोटात गिळलं आणि कढईत बोराएवढ्या गाठी झाल्या. प्रत्येक गाठीच्या पोटात कोरडं पीठ. दाऊदयालांनी आणखी पाणी घातलं, साखर घातली, दोन्ही हातांनी कालथा धरून ढवळलं. मिश्रण आवळत गेलं, आवळत गेलं, आणि शेवटी कालथा कढईत उभा राहिला. हात सोडला तरी उभाच.

त्यांनी ते ताटात थापलं आणि वाळायला गच्चीवर ठेवलं, म्हणजे वड्या तरी पडतील. वड्या पडल्या, सुरीने नव्हे, बत्त्याने. मथुरेत गच्चीवर ठेवलेलं खाणं माणसाच्या आधी माकडाचं असतं. एक थोराड माकड कठड्यावरून आलं, सगळ्यांत मोठी वडी उचलली आणि दातांखाली धरली. एकदा चावलं, दुसऱ्यांदा चावलं. मग त्याने ती वडी उलटसुलट करून पाहिली, दाऊदयालांकडे पाहिलं आणि वडी त्यांच्या अंगावर भिरकावून निघून गेलं. वडी खांद्याला लागली. दुसऱ्या दिवशीपर्यंत तिथे वळ होता.

जावित्री जिज्जी आपल्या गच्चीवर कपडे वाळत घालत होती. "दाऊ," ती शांतपणे म्हणाली, "मथुरेच्या माकडाने खाणं परत केल्याचं मी या वयापर्यंत पाहिलं नव्हतं."

"सांग ना मग तू, काय चुकलं ते."

"मी कशी सांगू? तुम्हा नवराबायकोच्या संकल्पाच्या मध्ये पडून पाप कुठे घेऊ?" असं म्हणून तिने पोलकं पिळलं.

तृतीयेला रामदाना. दाणा खसखशीएवढा, त्यामुळे दाऊदयालांना त्याची भीती वाटली नाही. तो कढईत फुलवायचा असतो एवढं त्यांना माहीत होतं. कोमट कढईत दोन ओंजळी ओतल्या. काहीच होईना. दाणे नुसतेच तांबूस होत राहिले आणि वाळूसारखे खसखसू लागले. ते फेकून त्यांनी निखारे फुलवले, कढई चांगली लाल केली आणि परत दोन ओंजळी ओतल्या. या वेळी मात्र झालं. तळाचे दाणे जळाले, मधले एकदम फुलले आणि वरच्यांना घेऊन उडाले. झाकण नव्हतं. उघड्या अंगाचे, घामेजलेले दाऊदयाल कढईवर वाकून बघत होते. क्षणात त्यांच्या छातीवरच्या केसांत, मिशीत, भुवयांत, जानव्यावर पांढरे दाणे चिकटले. जळक्याचा धूर झाला. धुरातून ते बाहेर आले तेव्हा बैकुंठीने पदर तोंडात कोंबला आणि झोपाळा जोरजोरात हलायला लागला. झोपाळ्याला पायाने कुणी ढकललं नव्हतं.

"हस," दाऊदयाल म्हणाले. "हसायला मौनात बंदी नाही, हे तुला बरं ठाऊक."

या तीन दिवसांत दाऊदयालांनी आयुष्यात पहिल्यांदाच उपवास केला. म्हणजे ते केळी खात होते, दूध पीत होते, उकडलेले बटाटे मिठाशी खात होते. पण ज्याला ते आजवर उपवास म्हणत आले होते त्याच्या मानाने ही उपासमारच होती. गाल बसले. धोतराची गाठ दोन बोटं आत गेली. घाटावर यात्रेकरू त्यांच्याकडे वेगळ्याच नजरेने पाहू लागले. कानपूरच्या एका म्हातारीने त्यांच्या पाया पडून म्हटलं, "महाराज, तुमच्या चेहऱ्यावर तपाचं तेज आहे." दाऊदयाल गुरकावले, "तेज नाही माई, भूक आहे." म्हातारीला हे उत्तर इतकं गहन वाटलं की तिने दुप्पट दक्षिणा ठेवली.

माखन म्हणाला, "दाऊ, सप्तमीचं आहे ना? सगळे विचारतायत. भाभींच्या हातच्या पुऱ्यांची वर्षभर वाट बघतो आपण."

दाऊदयालांनी "आहे, आहे" म्हटलं. भाभींनी स्वयंपाकघर सोडलंय, हे सांगायला जीभ वळली नाही. नवरात्राच्या आदल्या संध्याकाळची छाती अजून फुगलेली होती. पण सप्तमी आता दारात होती.

चतुर्थीला त्यांनी परत नथ्थीमलकडून कुट्टूचं पीठ आणलं; पहिलं सगळं पहिल्याच दिवशी चिखलात गेलं होतं. पुडी उघडून ओट्यावर ठेवली आणि ते हात धुवायला गेले. परत आले तर बैकुंठी झोपाळ्यावरून उठून पुडीपाशी उभी होती. तिने चिमूटभर पीठ हुंगलं. मग एक कण जिभेवर ठेवला आणि लगेच खिडकीतून थुंकली. पुढच्या क्षणी तिने अख्खी पुडी उचलून मोरीत ओतली आणि वरून पाणी सोडलं.

"अगं! पैसे पडलेत त्याला," दाऊदयाल ओरडले.

बैकुंठीने बोटाला लागलेला कण त्यांच्या जिभेवर ठेवला. कडू. खवट, जुन्या तेलाच्या भांड्यासारखं कडू.

दाऊदयाल तडक दुकानात गेले. नथ्थीमल गादीवर बसून सुपारी कातरत होता.

"लाला, हे पीठ कधीचं होतं?"

"कुट्टूचं? गेल्या साली दळलेलं. चाळून दिलंय मी. एक अळी नसेल."

"कडू आहे ते. पहिल्या दिवशीचं पण हेच होतं का?"

"ते वरच्या पोत्यातलं होतं, जरा बरं. हे बघा चौबेजी, कुट्टूच्या दाण्यात तेल असतं. दाणा वर्षभर टिकतो, पण पीठ महिना-दीड महिन्यात खवट होतं. नवा माल अजून पहाडातून उतरलेला नाही. दरसाल कुठे ना कुठे असलं पीठ खाऊन अख्खं घर उलट्या करत दवाखान्यात जातं. तुमच्याकडे चालत नाही, मला माहितीय."

"मग मला कशाला दिलंस?"

"तुम्ही स्वतः कधी येत नाही हो, मला वाटलं कुणा यजमानासाठी नेताय. तुमच्या घरच्या बाई तर पीठ कधी नेतच नाहीत. अख्खा दाणा नेतात. यंदाचाही आठवड्यापूर्वीच घेऊन गेल्या."

दाऊदयाल घरी येऊन कोठीच्या खोलीत गेले. फडताळात तीन मडकी होती, तोंडाला फडकी बांधलेली. एकात काळे, तिकोनी कुट्टूचे दाणे. दुसऱ्यात वाळवून दगड झालेले शिंगाडे. तिसऱ्यात निवडलेला रामदाना, खडा नाही, काडी नाही. सगळं नीट मांडून ठेवलेलं. मडक्यांशेजारी जातं होतं. दरवर्षी नवरात्राआधी पहाटे या जात्याची घरघर त्यांच्या झोपेत ऐकू यायची आणि कूस बदलून ते परत झोपायचे. गावातल्या गिरणीत गहू दळला जातो. तिथलं पीठ उपवासाला चालत नाही. मग हे पीठ कुठून येतं, हा प्रश्न त्यांच्या मनाला इतक्या वर्षांत शिवला नव्हता.

त्यांनी जात्याचा खुंटा धरून ते एकदा फिरवून पाहिलं. मग बाहेर येऊन झोपाळ्यासमोर जमिनीवर बसले. वजनदार माणूस; बसायलाही वेळ लागला.

"त्या संध्याकाळी मी बोललो ते मूर्खपणाचं होतं," ते म्हणाले. "माखनसमोर बोललो म्हणून तुझ्यासमोर कबूल करायला चार दिवस लागले. आता सप्तमीला ते सगळे येणार आहेत. तू बोलू नकोस, विस्तवालाही शिवू नकोस, तुझं व्रत मोडायचं नाही. पण मला काहीतरी करून दाखव. नाहीतर मी जाऊन त्यांना सगळं सांगून टाकतो."

बैकुंठीने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती उठली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पाट मांडला, त्यावर बसली आणि हातातल्या बांगड्या एकदा खळकन वाजवल्या.

त्याच वेळी दुधाचा पेला घेऊन जावित्री जिज्जी दारात आली. "हे चालतं का मौनात?" तिने विचारलं. "हे बोलण्यासारखंच झालं की."

दाऊदयाल जात्याकडे जाता जाता वळले आणि शास्त्रार्थाच्या आवाजात म्हणाले, "मौन जिभेचं असतं, जिज्जी. काकणांना जीभ नसते. हा माझा निर्णय आहे, आणि या गल्लीत पुरोहित मी आहे."

जिज्जीने पेला ठेवला आणि बघायला भिंतीला टेकून बसली. असा तमाशा रामलीलेतही मिळाला नसता.

दोन दिवस शाळा चालली. बांगड्यांची भाषा दाऊदयालांना लवकरच कळली. एकदा खळ म्हणजे थांब. सतत किणकिण म्हणजे लवकर, लवकर. आवाज नाही म्हणजे चाललंय ते चालू दे. आणि दोन्ही हात एकदम आपटले म्हणजे काहीतरी भयंकर होऊ घातलंय.

कुट्टूचे दाणे आधी जात्यात नुसते भरडायचे, सुपात पाखडून काळं टरफल उडवायचं, मग आतला पांढरा दाणा परत दळायचा आणि पातळ फडक्यातून चाळायचा. दाऊदयालांनी पाखडायला घेतलं तेव्हा टरफल जागेवर राहिलं आणि दाणे अंगणात गेले. दोन्ही हात आपटले. दुसऱ्या खेपेला जमलं. जुन्या आखाड्यातले खांदे होते, जात्याला घाबरले नाहीत. मात्र संध्याकाळी पाठीला तेल लावून घ्यावं लागलं.

पीठ परातीत काढून ते सवयीने तांब्याकडे हात नेऊ लागले तसा असा खळखळाट झाला की तांब्या हातातून निसटला. पाणी नाही? मग भिजवायचं कशात? त्यांनी सगळीकडे पाहिलं. बैकुंठी कोपऱ्यातल्या टोपलीकडे बघत होती. टोपलीत अळकुड्या. त्यांनी त्या उकडल्या, सोलल्या आणि पिठात कुस्करायला घेतल्या. सैंधव, मिरी, हिरवी मिरची. अळकुडीचा बुळबुळीतपणा ते आजवर शिव्या घालून खात आले होते. आता तोच कुट्टूच्या पिठाला धरून ठेवत होता. या पिठाला स्वतःचा चिवटपणा नाही, कुणीतरी धरून ठेवावं लागतं. लाटणं हातात घेताच खळ झालं. तेलाचा हात लावून केळीच्या पानावर थापायचं, पान उलटं करून अलगद तळहातावर घ्यायचं आणि कडकडीत तेलात सोडायचं. पहिली पुरी तेलात गेली, खाली बसली, वर आली आणि मधोमध टम्म फुगली.

दाऊदयाल झारा हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. किणकिण झाली तरी बघतच होते. पुरी करपली. ती करपलेली पुरी त्यांनी कुणालाही दिली नाही. स्वतः खाल्ली आणि फार चांगली लागली.

एकदा भिजवलेलं पीठ ठेवून द्यायचं नाही, हेही दुसऱ्या घाण्याला कळलं. मधेच माखनचा निरोप्या दारात आला, त्याच्याशी बोलण्यात दाऊदयाल जरा रमले, तेवढ्यात गोळा सैल पडून ओघळायला लागला. एका वेळी चार पुऱ्यांचंच भिजवायचं.

शिंगाड्याला बैकुंठीने तुपाचा डबा पुढे सरकवला. दाऊदयालांनी चमचाभर घातलं, खळ नाही. आणखी घातलं, खळ नाही. वाटीभर घातलं तेव्हा एकदाचं खळ झालं. मंद निखाऱ्यावर पीठ परतत राहायचं. हात दुखला की बदलायचा, पण थांबायचं नाही. आधी ते तूप पिऊन कोरडं होतं, मग रंग गुलाबी व्हायला लागतो, वास सुटतो आणि प्यायलेलं तूप ते परत सोडतं. तोवर शेजारी पाणी उकळत ठेवायचं आणि थोडं थोडं घालायचं, थंड तर मुळीच नाही. हलवा कढईच्या कडा सोडून मधे गोळा झाला तेव्हा जावित्री जिज्जी भिंतीपासून पुढे सरकली आणि कुणी न म्हणता वाटी पुढे केली.

रामदान्याचं सगळ्यांत सोपं निघालं. कढई इतकी तापवायची की चिमूटभर दाणे टाकताच क्षणात फुलले पाहिजेत. एका वेळी मूठसुद्धा नाही, पळीभर. सुती फडक्याच्या बोळ्याने दाबत फिरवायचे, दहा आकडे मोजायच्या आत काढून घ्यायचे, चाळणीने न फुललेले खाली पाडायचे. गुळाचा पाक होताच लाह्या टाकून, पाण्याचा हात लावून, गरम असतानाच लाडू वळायचे. यात बोटं भाजतात. दाऊदयाल प्रत्येक लाडवाला "आई गं" म्हणत होते. बैकुंठीच्या बोटांची टोकं कशामुळे कडक आहेत याचा शोध त्यांना तेव्हा लागला. तिच्या बोटांकडे त्यांनी दोन-तीनदा पाहिलं. ती जप करत होती.

सप्तमीला माखन आणि आणखी चौघं चौबे पाय धुऊन पंगतीला बसले. दाऊदयाल आत आणि बैकुंठी उंबऱ्याबाहेर पाटावर. पुऱ्या गरम गरम येत होत्या; भाभींनी सगळं करून ठेवलंय आणि दाऊ नुसता गरम करून वाढतोय, असं सगळ्यांनी धरलं होतं. हलव्याची कढई रिकामी झाली. लाडवांचं ताट दोनदा भरलं. माखनने ढेकर दिली आणि तृप्त डोळ्यांनी बैकुंठीकडे पाहून म्हणाला, "भाभी, दरवर्षी वाटतं याहून चांगलं होणार नाही, आणि तुम्ही दरवर्षी वरचढ करता. यंदाचा हात तर काही औरच आहे."

दाऊदयाल झारा घेऊन दारात आले. अंगभर पीठ, कपाळावर काजळी. "हे मी केलंय."

"काय?"

"सगळं. दळण्यापासून. हिने नऊ दिवस मौनाचं आणि विस्तवाला न शिवण्याचं व्रत घेतलंय."

पाचही चौबे एकमेकांकडे बघून इतके हसले की एकाला ठसका लागला. माखन म्हणाला, "अरे वा. भाभींचं मौन आहे म्हणून त्यांचं काम स्वतःच्या नावावर खपवतोस होय? त्यांना नाकारता पण येणार नाही. काय रे हा, दाऊ."

"अरे, शपथ घेतो. जिज्जीला विचार."

जावित्री जिज्जी पंगतीच्या टोकाला बसून तिसरा लाडू खात होती. तिने भाबड्या चेहऱ्याने विचारलं, "मी काय सांगू बाबा? मला कशाला मध्ये घेता?"

"बघ," माखन म्हणाला. "भाभी, तुम्हीच सांगा, मानेने सांगा. कुणी केलंय हे?"

बैकुंठीने दाऊदयालांकडे पाहिलं. मग तिने डोळे मिटले आणि जपमाळेचा पुढचा मणी ओढला. मौन म्हणजे मौन. पाचही जणांनी कोपरापासून हात जोडून तिला नमस्कार केला. माखन उठता उठता दाऊदयालांच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "तू वाढलंस छान हो. त्याचंही पुण्य असतं."

ते गेल्यावर दाऊदयाल शेगडीसमोर बसून राहिले. दोन दिवस पाठ मोडली, बोटं भाजली, आणि एक माणूस नाव घेत नाही. त्यांनी हे मोठ्याने म्हटलं. एकदा नाही, तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी थोडं वाढवून. बाहेर काही आवाज येईना म्हणून त्यांनी वाकून पाहिलं. बैकुंठी पाटावर दुमडून बसली होती, पदर डोळ्यांना लावलेला, खांदे हलत होते. ती रडतेय असं वाटून ते घाबरले. मग जिज्जीही हसू लागली तेव्हा त्यांना कळलं.

परातीत दोन पुऱ्यांचं पीठ उरलं होतं. दाऊदयालांनी त्या थापल्या, तळल्या आणि गरमागरम केळीच्या पानावर घालून बैकुंठीसमोर ठेवल्या. तिने मान हलवली. तिचं फळांवर व्रत होतं. मग त्या त्यांनी स्वतः उंबऱ्यावर बसून खाल्ल्या. थंड होत आलेल्या होत्या, आणि रस्सा संपलेला होता.

नवमीला कन्याभोजन झालं, दशमीला सकाळी बैकुंठीने पारणं केलं आणि बोलायला सुरुवात केली. ती दुपारपर्यंत थांबली नाही. पहिल्या दिवसाच्या चिखलापासून ते हलव्यात वेलची घालायची विसरल्यापर्यंत एकही गोष्ट सुटली नाही. मिशीत रामदाना अडकलेला असताना ते किती गंभीर दिसत होते, हे सांगताना तिला दोनदा थांबून पाणी प्यावं लागलं. दाऊदयाल मुकाट्याने ऐकत बटाटे सोलत होते. शेवटी ती म्हणाली, "पुऱ्या मात्र माझ्यापेक्षा चांगल्या झाल्या. तुमचे हात मोठे, थापलेल्या एकसारख्या येतात."

दाऊदयालांनी सोलणं थांबवलं. "हे माखनसमोर सांगशील?"

"नाही," बैकुंठी म्हणाली.

पुढच्या वर्षापासून पुऱ्या आणि दळण दाऊदयालांकडे आले, हलवा आणि लाडू तिच्याकडे राहिले. घाटावर हे कुणी शेवटपर्यंत खरं मानलं नाही. चैत्रातल्या नवरात्रात मात्र दाऊदयालांच्या मनात आलं की मौनाने बायकोला एवढं फळ मिळालं, तर आपणही घेऊन पाहावं. घटस्थापनेला त्यांनी ताम्हणात पाणी सोडून नऊ दिवसांच्या मौनाचा संकल्प केला. दूधवाला आला, त्याने मापात जरा हात आखडला, आणि दाऊदयाल चौबे अंगणातून जे बोलले ते विश्राम घाटापर्यंत ऐकू गेलं.